एका तासिकेचे दोन शिक्षक

विशेष शिक्षक वर्गात आले की बहुतेक शाळांत त्यांच्यासाठी मागच्या बाकाजवळ एक खुर्ची ठेवली जाते. त्या बाकावर दिव्यांग विद्यार्थी बसलेला असतो. फळ्याजवळ विषयाच्या बाई शिकवतात आणि विशेष शिक्षक त्या एका मुलाच्या वहीत डोकावत हळू आवाजात तेच पुन्हा सांगतात. तास संपतो, दोघांच्याही नोंदवहीत ‘समावेशित वर्गात अध्यापन केले’ अशी ओळ पडते. वर्गात माणसे दोन होती, पण शिकवणारी एकच होती.

या पद्धतीला अभ्यासकांनी नाव दिलेले आहे : एकाने शिकवायचे, दुसऱ्याने मदत करायची. अमेरिकेत मॅरिलिन फ्रेंड आणि लिन कुक यांनी सहअध्यापनाच्या सहा पद्धती मांडल्या, त्यांतली ही एक. बाकीच्या पाच अशा : एकाने शिकवताना दुसऱ्याने ठरवून निरीक्षण करणे, वर्गाचे दोन भाग करून दोघांनी तोच पाठ समांतर शिकवणे, वेगवेगळ्या कामांची केंद्रे मांडणे, एकाने लहान गट वेगळा घेणे, आणि दोघांनी फळ्याजवळ उभे राहून संवादातून एकत्र शिकवणे. २००७ मध्ये स्क्रग्ज, मॅस्ट्रोपिएरी आणि मॅकडफी यांनी सहअध्यापनावरच्या ३२ गुणात्मक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात दिसले की वर्गावर्गांत सर्वांत जास्त चालते ती ‘एकाने शिकवायचे, दुसऱ्याने मदत करायची’ हीच पद्धत, आणि तिच्यात विशेष शिक्षकाकडे दुय्यम भूमिका येते. अमेरिकेत दोन्ही शिक्षक रोज त्याच इमारतीत असतात, तरी ही स्थिती. आपल्याकडे विशेष शिक्षक अनेकदा गट साधन केंद्रातून येतात, एकाच्या वाट्याला कितीतरी शाळा असतात आणि एखाद्या वर्गात ते आठवड्यातून एकदा पोहोचले तरी पुष्कळ.

म्हणून प्रश्न हा आहे की ती एक तासिका दोघांनी मिळून कशी वापरायची. माझे मत स्पष्ट आहे. सहअध्यापन उभे राहते किंवा कोसळते ते टाचणात. कोणत्या मिनिटाला कोण बोलणार, तेव्हा दुसरा काय करणार आणि मुले काय करत असणार, हे आधी लिहिलेले नसेल, तर कितीही चांगल्या मनाचे दोन शिक्षक असले तरी एक जण आपोआप मागच्या खुर्चीवर जाऊन बसतो.

हे एका पाठावर करून पाहू. पाचवीचा वर्ग, पट ३८, तासिका ४० मिनिटांची. विषय गणित, घटक भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. वर्ग कल्पित आहे, पण यातली मुले प्रत्येक शिक्षकाला ओळखीची वाटतील. एका मुलाला विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. तोंडी हुशार, पण वाचताना अडखळतो आणि पाढे आठवत नाहीत. एक मुलगी अल्पदृष्टीची आहे. एका मुलाला सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व आहे. याशिवाय कोणतेही प्रमाणपत्र नसलेली, तरीही गणितात मागे राहणारी दहा-बारा मुले आहेत. गणित शिकवणाऱ्या बाई रोजच्या आहेत. विशेष शिक्षक, म्हणजे सर, दर बुधवारी येतात.

पहिला निर्णय कोणता पाठ निवडायचा हा आहे. सर आठवड्यातून एकदाच येणार असतील तर त्यांचा बुधवार उजळणीत किंवा स्वाध्याय तपासण्यात घालवू नये. संकल्पना जिथे वळण घेते, तो पाठ निवडावा. समच्छेद अपूर्णांकांची बेरीज मुलांना सहज जमते. छेद तोच ठेवायचा आणि अंश मिळवायचे. छेद वेगळे झाले की याच सवयीने मुले वरचे वर आणि खालचे खाली मिळवतात आणि १/२ + १/३ चे उत्तर २/५ लिहितात. पुढची दोन-तीन वर्षे ज्या चुकीशी झगडावे लागते ती इथे जन्म घेते. बुधवार इथे खर्च करावा.

दोघांची आखणीची बैठक वीस मिनिटांची पुरते; मधल्या सुट्टीत किंवा आदल्या संध्याकाळी फोनवरही होते. पण तिच्यात ‘काय शिकवू या’ यापेक्षा ‘मुले कुठे अडकतील’ यावर जास्त वेळ जायला हवा. इथेच दोघांचे ज्ञान वेगवेगळे कामाला येते. बाईंना माहीत असते की या पाठानंतर काय येणार आहे, कोणती कल्पना पक्की झाली नाही तर सहावीत गाडी अडेल. सरांना माहीत असते की मुलाची वाट नेमकी कुठे तुटते : वाचण्यात, लक्षात ठेवण्यात, दिसण्यात की एका वेळी तीन पायऱ्या डोक्यात धरण्यात.

या पाठाच्या बैठकीत सर म्हणतात, “बाई, उद्या पाढ्यांचा अडथळा काढून टाकू. छेद फक्त २, ३, ४ आणि ६ ठेवा. १/७ आणि १/९ घेतले, तर तो मुलगा तेरा मिनिटे पाढा आठवत बसेल आणि अपूर्णांकांपर्यंत पोहोचणारच नाही.” बाईंना हे पटते. पुढे सर सुचवतात की त्या मुलाला तिरकस गुणाकाराची युक्ती देऊन टाकू, उत्तर तरी बरोबर येईल. त्यावर बाई ठाम नकार देतात. “नको सर. युक्तीने उत्तर येईल, पण तुकडे सारखे का करायचे हे त्याला कळणार नाही. पुढे तीन अपूर्णांक आले की तो पुन्हा रिकाम्या हाताने उभा राहील.”

या दोन वाक्यांत भूमिकांची खरी वाटणी आहे. आशयाबाबत शेवटचा शब्द विषयशिक्षकाचा. त्या आशयापर्यंत मूल कोणत्या वाटेने पोहोचेल, याबाबत शेवटचा शब्द विशेष शिक्षकाचा. दोघांनाही नकाराचा हक्क हवा. मदत म्हणून आशयच पातळ केला जात असेल तर बाईंनी थांबवावे, आणि ‘सगळ्यांसाठी एकच’ या आग्रहापायी वाट बंद होत असेल तर सरांनी थांबवावे.

बैठकीतून ध्येय ठरते, तेही एकाच वाक्यात : तुकडे सारख्या आकाराचे केल्याशिवाय मिळवता येत नाहीत, हे मुलाने पट्टीवर दाखवावे आणि १/२ + १/३ सारखी दोन उदाहरणे सोडवावीत. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाचे ध्येय त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यातून येते : अर्धा आणि पाव यांच्या पट्ट्या ओळखणे आणि त्या जोडून पाऊण करून दाखवणे. विषय तोच, साहित्य तेच, टप्पा अलीकडचा. त्याला चित्र रंगवायला देऊन शांत बसवणे हे त्याच वर्गात बसवून बाहेर काढल्यासारखे आहे.

साहित्य म्हणून कार्डशीटच्या ३० सेंटिमीटर लांब पट्ट्या कापायच्या. ही लांबी मुद्दाम घेतली आहे. ३० चा अर्धा १५, तिसरा हिस्सा १०, सहावा हिस्सा ५, पाचवा हिस्सा ६. पाव हिस्सा साडेसातचा येतो, तोही मोजपट्टीवर दिसतो. दोन मुलांत एक संच पुरतो. अल्पदृष्टीच्या मुलीसाठी पिवळ्या पट्ट्यांवर काळ्या जाड मार्करने रेघा, आणि प्रत्येक रेघेवर डिंकाने चिकटवलेला दोरा, म्हणजे बोटालाही भाग कळतील. हा संच तिच्या एकटीसाठी वेगळा दिसू नये म्हणून सर असे पाच-सहा संच करून वर्गात वाटतात. कुणालाही चालतात.

आता टाचण. त्यात चार रकाने लागतात : वेळ, बाई, सर आणि मुले. रोजच्या टाचणात शिक्षककृतीचा एकच रकाना असतो, तो इथे दुभंगतो. भरून झाल्यावर एक सोपी परीक्षा घ्यावी. सरांच्या रकान्यातली क्रियापदे मोठ्याने वाचावीत. ‘मदत करणे’, ‘लक्ष ठेवणे’, ‘फिरणे’ एवढीच असतील, तर टाचण पुन्हा लिहावे. तिथे ‘विचारतात’, ‘मांडून दाखवतात’, ‘वर्गाकडून म्हणवून घेतात’, ‘नोंदवतात’ अशी क्रियापदे यायला हवीत.

तासिकेची पहिली सहा मिनिटे सर घेतात. ते फळ्यावर १/२ + १/४ लिहितात आणि सगळ्यांना एका चिठ्ठीवर उत्तर लिहायला सांगतात. बाई वर्गात फिरतात, हातात हजेरीची यादी आणि पेन्सिल. कुणी ३/४ लिहिले, कुणी २/६, कुणी काहीच नाही, अशा तीन खुणा त्या करतात. कुणालाही दुरुस्त करत नाहीत. सुरुवात सरांकडे देण्याची दोन कारणे आहेत. तासाचे पहिले वाक्य जो बोलतो तो वर्गाचा शिक्षक, असे मुलांच्या मनात बसते. बुधवारी ते वाक्य सरांचे असेल तर मुले त्यांना ‘त्या मुलाचे सर’ समजत नाहीत. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. एरवी बाई फळ्याकडे असतात आणि त्यांना वह्या घरी तपासताना चुका दिसतात. इथे चूक घडताना त्यांच्या डोळ्यांसमोर घडते.

समजा, या वर्गात १४ मुलांनी २/६ लिहिले. सर फळ्याजवळून विचारतात, “अर्धा लिटर दूध आणि पाव लिटर दूध, किती झाले?” वर्ग एका आवाजात “पाऊण” म्हणतो, त्या चौदा मुलांसह. वाचायला अडखळणारा मुलगा बहुधा सर्वांत आधी म्हणतो. म्हणजे कल्पना मुलांकडे आहे, ती कागदावरच्या खुणेशी जोडलेली नाही. १/३ ला रोजच्या बोलण्यात असा सरळ आधार नाही, म्हणून तिथे पट्टी लागते. पुढची सगळी मांडणी या निदानावर उभी आहे.

सहाव्या मिनिटापासून सतराव्यापर्यंत दोघे फळ्याजवळ. या भागात सराव सर्वांत जास्त लागतो आणि शिक्षक सर्वांत जास्त बिचकतात, कारण दुसऱ्यासमोर बोलायचे असते. बाई बोलतात आणि फळ्यावर लिहितात. सर त्याच वेळी मोठ्या पट्ट्या फळ्याला लावून दाखवतात. बाई म्हणतात, “एक छेद दोन,” सर १५ सेंटिमीटरची पट्टी लावतात. “अधिक एक छेद तीन,” १० सेंटिमीटरची पट्टी तिला जोडून लागते. मग सर वर्गाच्या वतीने चूक बोलतात : “बाई, वरचे एक आणि एक दोन, खालचे दोन आणि तीन पाच. दोन छेद पाच. झाले की!” बाई लगेच ‘चूक’ म्हणत नाहीत. त्या म्हणतात, “मोजून बघू या.” सर पाच समान भागांची पट्टी आणतात. तिचे दोन भाग १२ सेंटिमीटर भरतात. नुसता अर्धाच १५ सेंटिमीटरचा होता, त्यात आणखी काही मिळवले, तर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसे येईल?

मुले इथे गप्प होतात, मग बोलू लागतात. त्यांना बोलू द्यावे. ही चूक सरांच्या तोंडून आली, म्हणून कोणत्याही मुलाचे नाव तिला चिकटत नाही, आणि चौदा मुलांना आपली चिठ्ठी आठवते. एकट्या शिक्षकाला ही भूमिका पटेल अशी करता येत नाही. चूक मांडणारा आणि तपासणारा वेगळे असले की मुले तपासणाऱ्याच्या बाजूने विचार करू लागतात. त्यानंतर दोघे मिळून दाखवतात की ५ सेंटिमीटरचा तुकडा दोन्ही पट्ट्यांत नेमका मावतो, पहिलीत तीनदा आणि दुसरीत दोनदा. म्हणून ३/६ अधिक २/६, एकूण ५/६. पट्टीवर २५ सेंटिमीटर.

या अकरा मिनिटांसाठी काही नियम आधी ठरवलेले असतात. बाई ‘हे इथे’, ‘हा याच्यात’ असे बोलत नाहीत. जे लिहितात ते पूर्ण उच्चारतात, कारण अल्पदृष्टीची मुलगी फळा डोळ्यांइतकाच कानांनी वाचते. आणि एक जण समजावत असताना दुसरा कुणाच्याही कानाशी बोलत नाही. हा नियम मोडण्याचा मोह फार होतो. बाई छेदाबद्दल सांगत असताना सर मुलाजवळ जाऊन तेच सोप्या शब्दांत कुजबुजतात, आणि ज्या मुलाला एका आवाजाकडे लक्ष देणे अवघड जाते, त्याच्यावर दोन आवाज येऊन आदळतात. मुलाला काही सुटले असे वाटले तर सरांनी वर्गासमोरच म्हणावे, “बाई, सहा कुठून आले ते मला परत सांगा.” ते सगळ्यांच्या कामी येते.

सतराव्या मिनिटाला दोन मिनिटांची तपासणी होते. बाई विचारतात, १/३ + १/६ हे अर्ध्यापेक्षा मोठे, लहान की बरोबर? मुले पाटीवर उत्तर लिहून वर धरतात. वर्गाची डावी बाजू बाई पाहतात, उजवी सर. बरोबर म्हणजे १/२ च येते. १० आणि ५ सेंटिमीटर मिळून १५. समजा, नऊ पाट्या चुकल्या. या नवांत प्रमाणपत्र असलेला एकच मुलगा आहे. अल्पदृष्टीची मुलगी त्यांत नाही. तिला दिसण्याची अडचण आहे, समजण्याची नाही. वाचनात अडखळणारा मुलगाही त्यांत नाही, कारण हा प्रश्न तोंडी होता. गट प्रमाणपत्रावरून पाडला असता तर ही दोन्ही मुले विनाकारण तिथे बसली असती, आणि ज्या आठांना खरी गरज होती ती बाहेर राहिली असती.

एकोणिसाव्या मिनिटापासून तेहतिसाव्यापर्यंत वर्ग दोन भागांत. नऊ मुलांचा लहान गट बाई घेतात आणि २९ मुलांचा मोठा गट सर. पुष्कळ शाळांत हे उलटे होते : कच्ची मुले विशेष शिक्षकाकडे, बाकी वर्ग बाईंकडे. तसे रोज झाले तर महिन्याभरात मुलांना कळते की सरांकडे जाणे म्हणजे काय, आणि पालकांनाही कळते. शिवाय या नवांची अडचण विषयाच्या गाभ्यात आहे, तिथे सर्वांत अनुभवी विषयशिक्षकच हवा. सरांनी पाचवीचा सराव घेण्यात अडचण नाही. उदाहरणे आणि उत्तरे टाचणात आहेत. पण ही मर्यादाही ओळखावी. नववीच्या बीजगणितात किंवा रसायनशास्त्रात विशेष शिक्षकाची विषयावर पकड असेलच असे नाही. तिथे मोठा गट त्यांच्याकडे देण्याऐवजी सुरुवातीचे निदान, उदाहरणाचे पायऱ्यांत विभाजन आणि शेवटची तपासणी त्यांनी घ्यावी. वर्गासमोर उभे राहण्याची जागा सोडू नये, पण न येणारा विषय शिकवण्याचे ओझेही घेऊ नये.

३८ मुलांच्या वर्गात बाके हलवत बसलो तर पाच मिनिटे तिथेच जातात. म्हणून लहान गट पुढच्या मोकळ्या जागेत सतरंजीवर किंवा व्हरांड्यात, बाकीचे जागेवर. वर्गातच बसायचे असेल तर दोन शिक्षकांनी एकमेकांकडे पाठ करून उभे राहावे आणि आवाज नेहमीपेक्षा खाली ठेवावा. एकाने आवाज चढवला की दुसऱ्याला चढवावाच लागतो. आणि पुढच्या सतरंजीवर कधी कधी पटपट सोडवणारी मुलेही बोलवावीत, कोडी घेऊन. नाहीतर ती सतरंजीच एक खूण बनते.

बाईंच्या गटात आकडे लिहिणे नंतर येते. आधी दोन पट्ट्या जोडणे, मग दोन्हींत नेमका मावणारा तुकडा हातांनी शोधणे, मग मोजणे, मग लिहिणे. चौदा मिनिटांत तीन उदाहरणे झाली तरी पुरेत. बौद्धिक दिव्यांगत्व असलेला मुलगा याच गटात आहे. तो अर्धा आणि पाव जोडून पाऊण करतो आणि शेजारच्या मुलाला दाखवतो. सरांच्या गटात फळ्यावर सहा उदाहरणे आहेत, चढत्या क्रमाने. सर पहिले उदाहरण वर्गाकडून पायरी पायरीने म्हणवून घेतात. वाचनात अडखळणाऱ्या मुलाजवळ दोन, तीन, चार आणि सहाच्या पाढ्यांचा तक्ता आहे आणि चौकटीची वही, म्हणजे अंश आणि छेद एकमेकांत मिसळत नाहीत. तक्ता हवा असेल तो कोणीही घेऊ शकतो. चौथे उदाहरण शाब्दिक आहे. ते सर सगळ्यांसाठी दोनदा मोठ्याने वाचतात, त्यामुळे त्या मुलासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

शेवटची सात मिनिटे वर्ग पुन्हा एकत्र. बाई दोन प्रश्न देतात : १/२ + १/६ सोडवा, आणि १/४ + १/३ चे उत्तर २/७ का नाही ते पट्टी काढून किंवा शब्दांत सांगा. दुसरा प्रश्न लिहून सांगणे ज्यांना अवघड आहे त्यांचे उत्तर सर तोंडी ऐकतात आणि चिठ्ठीवर मुलाचेच शब्द उतरवतात, आपले नाही. चिठ्ठ्या जमा होतात.

तासिका प्रत्यक्षात क्वचितच पूर्ण ४० मिनिटे मिळते. प्रार्थना लांबते, सूचना येतात. वेळ कमी पडली तर काय गाळायचे हेही टाचणात लिहिलेले बरे. या पाठात सरांच्या गटाची शेवटची तीन उदाहरणे गाळावीत. पट्टीवरचा संवाद आणि शेवटच्या चिठ्ठ्या गाळू नयेत. पहिल्यात संकल्पना आहे, दुसऱ्यात ती पोहोचली का याचा पुरावा.

आणि बुधवारी सर आलेच नाहीत तर? प्रशिक्षण, सर्वेक्षण, दिव्यांग तपासणी शिबिर. कारणे नेहमीची आहेत. म्हणून टाचणाच्या तळाशी ‘एकटीने घेताना’ असा एक परिच्छेद असावा. ध्येय, छेदांची मर्यादा, पट्ट्या, पाढ्यांचा तक्ता, मोठ्याने वाचणे आणि चिठ्ठ्या हे सगळे राहते. सरांच्या तोंडची चूक बाई फळ्यावर ‘मागच्या वर्षीच्या एका मुलाचे उत्तर’ म्हणून लिहितात. दोन गट पडत नाहीत, त्याऐवजी मुले जोड्यांत काम करतात. नीट आखलेल्या सहअध्यापनाचा मोठा भाग एका शिक्षकाच्या हातातही टिकतो. पण कायम असेच चालवून घेऊ नये. दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांच्या २०१६ च्या कायद्याने समावेशक शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा प्रश्न हाती घेतला, आणि त्यानंतर केंद्राने प्राथमिक स्तरावर दर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या स्तरावर दर १५ मागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. अनेक शाळांमध्ये फिरणाऱ्या एका शिक्षकाकडून बुधवारचा शब्द पाळला जाईल ही अपेक्षा ठेवण्याआधी पदे भरली गेली पाहिजेत.

काही आठवड्यांनी ही आखणी बिघडू लागली आहे हे कसे ओळखावे? मुलांकडे पाहावे. पाटी उचलण्याआधी एखादे मूल सरांच्या तोंडाकडे बघत असेल, तर सर त्याच्याजवळ गरजेपेक्षा जास्त थांबले आहेत. एखाद्या मुलाच्या वहीतले अक्षर मध्येच सुवाच्य होत असेल, तर उत्तर मोठ्या माणसाने लिहिले आहे. शंका विचारणारे सगळे हात बाईंकडेच वळत असतील, तर पहिले वाक्य पुन्हा बाई बोलू लागल्या आहेत. आणि “सर, याला जरा बाहेर घेऊन बसता का?” हे वाक्य वर्गात ऐकू येऊ लागले, तर पुढच्या बुधवारच्या आधी त्या वाक्यावरच बैठक घ्यावी. मूल त्या वेळी नेमके कशाने अस्वस्थ झाले होते हे दोघांनी शोधावे. बहुतेकदा पाठात बसून ऐकण्याचा एखादा तुकडा मुलाच्या आवाक्यापेक्षा लांबलेला सापडतो.

तास संपल्यावर सरांनी लगेच दुसऱ्या वर्गात पळू नये. दहा मिनिटे दोघांनी चिठ्ठ्या घेऊन बसावे आणि तीन गठ्ठे करावेत : दोन्ही प्रश्न जमले, पहिला जमला पण कारण सांगता आले नाही, आणि काहीच जमले नाही. आपल्या वर्गात समजा हे आकडे २२, ११ आणि ४ आले. अडतिसावी चिठ्ठी बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाची. तिच्यावर आकडे नाहीत, त्याने केलेल्या पाऊण पट्टीची सरांनी केलेली नोंद आहे, आणि ती त्याच्या वैयक्तिक आराखड्यात जाते. मधल्या गठ्ठ्यातल्या ११ मुलांकडे जास्त लक्ष द्यावे. त्यांना रीत पाठ झाली आहे, म्हणून ती वहीत बरोबर दिसतात आणि कुणाच्या नजरेत येत नाहीत. गुरुवारी बाई एकट्या असतील. त्या दिवशीची पहिली दहा मिनिटे या अकरांना पट्ट्या देऊन १/४ + १/६ मध्ये दोन्हींत मावणारा तुकडा कोणता हे शोधायला लावायचे. उत्तर अडीच सेंटिमीटरचे, म्हणजे पूर्ण पट्टीचे बारा भाग. चार मुलांसाठी सर अर्धा आणि पाव यांपासून सुरू होणारा पट्ट्यांचा एक लहान संच बाईंकडे ठेवून जातात, आणि पुढच्या बुधवारच्या टाचणात पहिल्या रकान्यासमोर या चौघांचे हजेरी क्रमांक लिहितात.